५१ टक्के आणि एक नकारपत्र

इचलकरंजीतल्या एका कंपनीत यंत्रमागावर बसवायची एक छोटी पेटी तयार होते. मागाने किती पिकं मारली, तो किती वेळ बंद राहिला, ताणा तुटून थांबला की बाणा संपून, हे सगळं ती पेटी मोजते आणि मागमालकाच्या फोनवर पाठवते. विणकराची मजुरी पिकांवर ठरते, त्यामुळे हा आकडा कारखान्यात रोज लागतो. कंपनी काढणाऱ्या बाई मागवाल्यांच्याच घरातल्या. सहा वर्षांत त्यांनी ९०० मागांवर पेट्या बसवल्या, त्याही बहुतेक आठ-दहा मागांच्या छोट्या कारखान्यांत. पैसे महिन्याच्या महिन्याला भाड्याने यायचे आणि अर्धं भाडं उधारीवर असायचं.

एका व्हेंचर फंडाने त्यांना टर्मशीट पाठवली आणि त्यांनी ती घेऊन मला गाठलं. मी पेशाने कंपनी सेक्रेटरी आहे. असे कागद सहीआधी वाचून देणं हे माझ्या कामातलं एक काम. त्यांच्या परवानगीने ही हकीकत लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून ठिकाण आणि आकडे बदलले आहेत.

टर्मशीट म्हणजे करार नव्हे. आम्ही कोणत्या अटींवर पैसे घालायला तयार आहोत, हे गुंतवणूकदार चार-सहा पानांत लिहून देतो, तो हा कागद. त्यातल्या बहुतेक अटी कायद्याने बांधत नाहीत. बांधतात त्या दोन-तीनच: मजकूर गुप्त ठेवायचा, ठरलेला खर्च द्यायचा, आणि ठरावीक दिवस दुसऱ्या कुठल्याही गुंतवणूकदाराशी बोलायचं नाही. या कागदात ते दिवस ६० होते. म्हणजे सही केली की दोन महिने बाकीची दारं बंद. त्या काळात फंडाचे वकील आणि हिशेबतपासनीस कंपनीची कागदपत्रं तपासणार, कंपनीची शिल्लक कमी होत जाणार आणि घासाघीस करायची ताकदही. म्हणून अटींवरचं भांडण सहीच्या आधी भांडायचं असतं.

रक्कम ५ कोटी २० लाख होती. पैसे आल्यावर कंपनीचं मूल्य २० कोटी धरलं होतं आणि फंडाला २६ टक्के शेअर मिळणार होते. बाईंच्या मावसभावाकडे, म्हणजे पेटीचं तंत्र सांभाळणाऱ्या भागीदाराकडे, २३ टक्के राहणार होते आणि बाईंकडे स्वतःकडे ५१. त्या निश्चिंत होत्या. “सर, ५१ टक्के माझ्याकडेच आहेत. म्हणजे कंपनी माझीच ना?”

असं वाटणाऱ्या त्या एकट्या नाहीत. चांगले शिकलेले उद्योजकही टक्क्यांशी थांबतात.

५ कोटी २० लाख हा आकडा जरा विचित्र आहे. सरळ पाच कोटी का नाहीत? पाच कोटींना २५ टक्के आले असते, आणि २५ आणि २६ मध्ये कायद्याने मोठा फरक पडतो. कंपनी कायदा २०१३ च्या ११४व्या कलमाप्रमाणे महत्त्वाच्या निर्णयांना विशेष ठराव लागतो. तो मंजूर व्हायला बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान तिप्पट असावी लागतात. २५ टक्क्यांनी विरोध केला तर उरलेले ७५ बरोबर तिप्पट होतात आणि ठराव होतो. २६ टक्क्यांनी विरोध केला तर उरतात ७४, आणि ठराव पडतो. म्हणजे कंपनीचे नियम बदलण्यासारख्या गोष्टी फंडाच्या मनाविरुद्ध होऊ नयेत, याची सोय त्या वरच्या २० लाखांत होती.

यात मला गैर काही दिसलं नाही. फंडाची बाजूही समजून घ्यायला हवी. तो जे पैसे घालतो ते दुसऱ्यांनी त्याच्याकडे दिलेले असतात आणि ठरल्या मुदतीत, साधारण आठ-दहा वर्षांत, त्याला ते परत करायचे असतात. खासगी कंपनीचे शेअर बाजारात नेऊन विकता येत नाहीत. संस्थापकाने उद्या कंपनीची मालमत्ता घरच्यांच्या नावावर केली, तर २६ टक्केवाला फक्त बघत बसेल. म्हणून टर्मशीटमध्ये एक यादी असते. त्यातल्या गोष्टी गुंतवणूकदाराच्या लेखी संमतीशिवाय करायच्या नाहीत. या कागदात अशा २४ गोष्टी होत्या: नवे शेअर काढणं, मोठं कर्ज घेणं, धंदा बंद करणं, नात्यातल्यांशी व्यवहार. बहुतेक रास्त होत्या. वर्षाला १२ लाखांवर पगार असलेला माणूस नेमायलाही संमती हवी, हे एक कलम जाचक होतं. बाईंनी मर्यादा २५ लाख करून मागितली आणि फंडाने ती लगेच दिली.

ही यादी म्हणजे अडवण्याचा हक्क. तो दिल्याने कंपनी हातची जात नाही, फार तर काही कामं रेंगाळतात. दुसरा हक्क असतो करून घेण्याचा, म्हणजे तुम्हाला नको असलं तरी ते घडवून आणण्याचा. टर्मशीट वाचताना मी प्रत्येक अटीपुढे पेन्सिलीने ‘अ’ किंवा ‘क’ लिहितो. या कागदात ‘क’ तीन ठिकाणी आला.

पहिला संचालक मंडळाच्या कलमात. पाच संचालक नेमायचे होते: दोन संस्थापक, दोन फंडाचे आणि एक स्वतंत्र. स्वतंत्र संचालक ‘संस्थापकांशी विचारविनिमय करून’ फंड नेमणार होता. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे. तुमचं म्हणणं ऐकून घेतलं की विचारविनिमय झाला. म्हणजे मत घ्यायची वेळ आली तर तीन विरुद्ध दोन. आणि कंपनीचा कारभार कायद्याने भागधारक चालवत नाहीत, कलम १७९ प्रमाणे मंडळ चालवतं. पगार, किंमत, नेमणूक, कोणत्या गिऱ्हाइकाला माल द्यायचा, व्यवस्थापकीय संचालक कोण, हे सगळं तिथे ठरतं. आपल्या ५१ टक्क्यांच्या जोरावर बाईंना साध्या ठरावाने एखादा संचालक काढता आला असता, कलम १६९ तशी मुभा देतं. पण फंडाने नेमलेल्या संचालकांच्या विरोधात मत देणार नाही, असं वचनही त्याच कागदात त्यांच्याकडून घेतलेलं होतं. म्हणजे ५१ टक्के कागदावर होते, पण ते वापरायची जागा उरली नव्हती.

मंडळाने संस्थापकालाच पदावरून दूर केल्याची उदाहरणं आपल्याकडेही आहेत. मुंबईतल्या हाउसिंग डॉट कॉमच्या संचालक मंडळाने जुलै २०१५ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी असलेल्या सहसंस्थापकाला पदावरून काढलं, ती बातमी बऱ्याच वाचकांना आठवत असेल. त्या प्रकरणात कोण बरोबर होतं हा इथला प्रश्न नाही. मंडळाला तो अधिकार असतो, एवढंच लक्षात घ्यायचं.

दुसरा ‘क’ जास्त बोचणारा होता. बाईंना ‘सकारण’ काढलं तर त्यांचे सगळे शेअर दर्शनी किमतीला परत घ्यायचे, अशी अट होती. कारणांत अफरातफर होती, गुन्हा सिद्ध होणं होतं. ते कुणीही मान्य करील. पण त्याखाली आणखी एक ओळ होती: ‘मंडळाच्या मते कामगिरी असमाधानकारक असल्यास’. हिशेब बाईंच्या समोरच केला. पैसे आल्यावर कंपनीचे एकूण १०,००० शेअर होणार होते. फंड एका शेअरला २०,००० रुपये देत होता, तर दर्शनी किंमत होती १० रुपये. बाईंचे ५,१०० शेअर फंडाच्या दराने १० कोटी २० लाखांचे, आणि ‘असमाधानकारक’ ठरल्यास ५१ हजारांचे. ठरवणार कोण? तेच तीन विरुद्ध दोन मंडळ.

संस्थापक मध्येच निघून गेला तर त्याने काही शेअर परत करावेत, ही अट जगभर असते आणि तीत तथ्य आहे. धंद्यात त्याला ‘व्हेस्टिंग’ म्हणतात: शेअर नावावर असले तरी ते वर्षागणिक पक्के होत जातात. बाईंनी सुचवलं की सहा वर्षं आधीच घातली आहेत, तर निम्मे शेअर आजच पक्के धरा आणि निम्मे पुढच्या तीन वर्षांत. कामगिरीची ओळ मात्र काढा. फंडाने पहिलं मान्य केलं, दुसरं नाही.

तिसरा ‘क’ कंपनी विकण्याबद्दलचा. चार वर्षांनंतर फंड एकटा गिऱ्हाईक आणू शकेल आणि त्याने विकायचं ठरवलं की बाकीच्यांनीही त्याच भावाने आपले शेअर द्यायचे. याला ‘ड्रॅग’ म्हणतात, शब्दशः ओढून नेणं. किमान भावाची अट नव्हती. ही अट एकटी वाचली तर तिचा अर्थ पुरता कळत नाही. तिच्याशेजारी दुसऱ्या पानावरची एक साधी, रूढ अट ठेवून वाचायला हवी. ती अशी: कंपनी विकली तर फंड आधी आपले ५ कोटी २० लाख उचलेल, किंवा त्याचा २६ टक्के वाटा त्याहून मोठा होत असेल तर तो घेईल.

आता दोन्ही जोडा. कंपनी २० कोटींना विकली तर २६ टक्के म्हणजे ५ कोटी २० लाख. कंपनी ८ कोटींना विकली तरी फंडाला आधीचा हक्क असल्याने ५ कोटी २० लाखच. म्हणजे साडेपाच कोटींपासून २० कोटींपर्यंत कुठल्याही भावाने विकली, तरी फंडाच्या हातात पडणारी रक्कम तीच. बाईंचं मात्र तसं नाही. २० कोटींच्या विक्रीत त्यांना १० कोटी २० लाख मिळतात. ८ कोटींच्या विक्रीत उरलेले २ कोटी ८० लाख दोघा संस्थापकांत वाटले जातात आणि बाईंच्या वाट्याला १ कोटी ९३ लाखांच्या आसपास येतात. पडत्या भावाचा सगळा तोटा ज्याला सोसायचा, त्याच्या हातात विकायचा निर्णय नाही, आणि ज्याला काही फरक पडत नाही त्याच्या हातात तो आहे. फंडातली माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही. मुदत संपत आली की चांगल्या माणसालाही आठ कोटींचं गिऱ्हाईक गोड वाटतं.

त्यातून या कंपनीत आणखी एक गोष्ट होती. फंडाच्या मते छोटे कारखाने सोडून मोठ्या गिरण्यांकडे वळायला हवं होतं. तिथे उधारी कमी आणि एका ठिकाणी दोन-दोनशे माग. हे मत चुकीचं म्हणता येणार नाही. पण आठ मागांच्या कारखान्यासाठीच ती पेटी जन्माला आली होती. तीन विरुद्ध दोन मंडळात तो प्रश्न पहिल्या वर्षातच निघाला असता.

एक तासाची बैठक झाली. मंडळात दोन-दोन आणि पाचवा दोघांच्या संमतीने, असं बाईंनी मागितलं. कामगिरीची ओळ काढा आणि विक्रीला किमान भाव लावा, हेही मागितलं. फंडाने चार वर्षांची पाच केली, बाकीचं जागेवर राहिलं. आधी एका ठिकाणी संस्थापकाने हिशेब लपवले होते, तेव्हापासून आम्ही या अटी सोडत नाही, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. मला ते खरं वाटलं.

कागदाला दहा दिवसांची मुदत होती. सातव्या दिवशी मी बाईंच्या घरी गेलो होतो. वडील बाहेर खुर्चीवर बसले होते. चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस. लेकीने सगळं समजावून सांगितलं, त्यांनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, “पैसं घेतल्यावर तुला तुझ्याच कंपनीतनं काढता येतंय का?”

“येतंय, बाबा.”

“मग पैसं कुणाचं आणि कंपनी कुणाची?”

त्यावर कुणी काही बोललं नाही. पण त्या रात्री बाईंनी आणखी एक हिशेब केला, आणि निर्णय खरा त्यावर झाला. बँकेत ११ महिने पुरेल एवढी शिल्लक होती. पगाराचे तीनच महिने उरले असते तर मी त्यांना नकार द्या असं सांगितलं नसतं, निदान मंडळाच्या अटीवर आणखी एक बैठक घ्या म्हटलं असतं. शिल्लक नसताना दिलेला नकार महिन्याभरात मागे घ्यावा लागतो, आणि मग अटी आणखी कडक होतात.

नकार कसा द्यायचा, हा पुढचा प्रश्न. बरेच संस्थापक इथे चुकतात. काही उत्तरच देत नाहीत आणि मुदत संपू देतात. काही ‘सध्या वेळ योग्य नाही’ असं गुळमुळीत लिहितात, ते समोरच्याला कळतं आणि का नाही ते मात्र कळत नाही. काही तोच कागद दुसऱ्या फंडाला दाखवून भाव वाढवायला बघतात. त्याने गुप्ततेचा भंग होतो आणि या लहान जगात ते आठवडाभरात पोचतं. बाईंनी आठव्या दिवशी आधी फोन केला. ज्या तरुण अधिकाऱ्याने त्यांच्यासाठी फंडाच्या समितीपुढे बाजू मांडली होती, त्याला ही गोष्ट पत्रातून कळू नये, असं त्यांना वाटत होतं. मग पत्र लिहिलं. आधी मराठीत, माल पाठवायच्या वहीच्या मागच्या पानावर. त्यावरून नंतर इंग्रजी मेल झाला. वहीतला मजकूर असा:

“नमस्कार. आपण पाठवलेल्या टर्मशीटबद्दल मनापासून आभार. गेले तीन महिने आपल्या टीमने आमच्या कारखान्यात येऊन, मागवाल्यांशी बोलून जो वेळ दिला, त्यातून आम्हालाही आमच्या धंद्याबद्दल नव्या गोष्टी कळल्या. उधारीच्या वसुलीबद्दल आपण केलेल्या सूचना आम्ही अमलात आणायला सुरुवात केली आहे.

पूर्ण विचार करून आम्ही ही टर्मशीट न स्वीकारण्याचं ठरवलं आहे. कंपनीचं मूल्य, रक्कम, संमतीची यादी आणि विक्रीत आपला आधीचा हक्क, हे सगळं आम्हाला मान्य होतं. तीन गोष्टी मान्य करता आल्या नाहीत: मंडळातलं बहुमत, कामगिरीच्या कारणावरून शेअर परत घेण्याची अट, आणि किमान भावाशिवाय विक्री करून घेण्याचा हक्क. आपली कारणं आपण मोकळेपणाने सांगितलीत, त्यांचा आम्ही आदर करतो.

टर्मशीटमधला मजकूर आम्ही कुणालाही दाखवलेला नाही, दाखवणारही नाही. आमची जी कागदपत्रं आपल्याकडे आहेत ती कृपया काढून टाकावीत.

आपली हरकत नसेल तर दर तीन महिन्यांनी कामाचा एक पानी आढावा आम्ही आपल्याला पाठवू. पुढच्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद हाती आला की पुन्हा भेटायला आम्हाला आवडेल. तोवर या तीन मुद्द्यांवर आपल्याकडे काही वेगळा विचार झाला, तर जरूर कळवावं.”

या पत्राचं दुसरं परिच्छेद-वाक्य महत्त्वाचं आहे. काय मान्य होतं ते लिहिल्यामुळे पुन्हा बोलणी झाली तर ती शून्यापासून सुरू होणार नाहीत. काय मान्य नव्हतं ते नेमकं लिहिल्यामुळे फंडातल्या कुणालाही ‘भाव कमी वाटला असेल’ असा गैरसमज करून घेता येणार नाही. पहिल्या मसुद्यात बाईंनी शेवटी ‘या अटी बदलल्यात तर आम्ही लगेच सही करू’ असं लिहिलं होतं. ते मी काढायला लावलं. तसं लिहिलं तर तो नकार राहत नाही, घासाघिशीची पुढची फेरी होते, आणि समोरचा फक्त थांबून बघतो. पुढच्या भेटीचं निमित्तही ठोस हवं. ‘भविष्यात कधीतरी’ला कुणी तारीख लावत नाही. ताळेबंदाला तारीख असते.

शिवाय सही झाली असती तर पुढे काय झालं असतं, हेही सांगायला हवं. टर्मशीटमधल्या अटी नंतर भागधारकांच्या करारात जातात आणि तिथून कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये. एकदा तिथे गेल्या की त्या बदलायला विशेष ठराव लागतो. आणि २६ टक्के विरोधात असले तर तो होत नाही, हे वर आलंच आहे. आत्ता घेऊ, पुढे बदलून घेऊ, असं म्हणणाऱ्यांना हे सहसा कुणी सांगत नाही.

नकाराची किंमत बाईंनी मोजली. दोन इंजिनिअर नेमायचे होते ते लांबणीवर पडलं. सुरतेला शाखा काढायचा विचार बाजूला ठेवला. बँकेकडून सरकारी हमीच्या योजनेत, तारण न देता, खेळतं भांडवल घेतलं. त्याचं व्याज दर महिन्याला जातं आणि फंडाच्या पैशांना व्याज नसतं, ही गोष्ट त्या रोज अनुभवतात. मोठ्या गिरण्यांसाठीची पेटी दुसऱ्या कुणी आधी बाजारात आणली तर ती संधी गेलेली असेल.

फंडाचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. आढावा जरूर पाठवा, असं त्यात होतं. पहिल्या आढाव्यात बाईंनी मागांचा आकडा १,१४० लिहिला, आणि त्याच्याखालीच, पावसाळ्यात ओल शिरून ६० पेट्या परत आल्या, हेही लिहिलं. ताळेबंद सप्टेंबरमध्ये तयार होईल. भेटीची वेळ अजून ठरलेली नाही.